*📒 बचत पाठ : पोस्टाच्या आरडीत चक्रवाढ व्याज नेमकं कसं चढतं?*



आजचा मेसेज थोडा मोठा आहे. सकाळच्या गडबडीत नको, संध्याकाळी चहा घेताना निवांत वाचा. सोबत वही-पेन ठेवलं तर अजून चांगलं.

मागच्या गावबैठकीत एका दादांनी विचारलं, "काहून हो, महिन्याला हजार रुपये भरले तर पाच वर्षांत साठ हजार होते. व्याज ६.७ टक्के. म्हणजे वर्षाचे चार हजार वीस, पाच वर्षांचे वीस हजार शंभर. पण पोस्टातले साहेब सांगतात फक्त अकरा हजार तीनशे काही. मग बाकीचे नऊ हजार गेले कुठं?"

प्रश्न एकदम रास्त आहे. पहिल्यांदा आरडी काढणाऱ्या जवळपास प्रत्येकाचा हिशोब इथंच अडकतो. कोणी पैसे खाल्लेले नाहीत. हिशोब मांडायची पद्धत वेगळी आहे, तीच आज समजून घेऊ.

उदाहरण पोस्टाच्या ५ वर्षांच्या आवर्ती ठेवीचं, म्हणजे आरडीचं घेऊ. १ ऑक्टोबर २०२३ पासून या खात्याचा दर ६.७ टक्के ठरला, तोच दर आपण हिशोबाला धरला आहे. सरकार दर तीन महिन्यांनी नवे दर जाहीर करते, म्हणून खातं काढायच्या दिवशी खिडकीवर चालू दर विचारून घ्या. एकदा खातं निघालं की त्या दिवशीचा दर पूर्ण पाच वर्षं कायम राहतो, मधात बदलत नाही.

*१) साठ मजूर, पण सगळे एका दिवशी कामावर आले नाहीत*

दादांच्या हिशोबात एक गोष्ट सुटली. साठ हजार रुपये पहिल्याच दिवशी पोस्टात टाकले असते, तर पाच वर्षांचं साधं व्याज वीस हजार शंभर झालं असतं. पण आरडीत आपण ते पैसे महिन्याला हजार-हजार करून टाकतो.

प्रत्येक हप्ता म्हणजे एक मजूर समजा. पहिला हप्ता पहिल्या महिन्यात कामावर लागला, तो पूर्ण ६० महिने राबतो. दुसरा ५९ महिने, तिसरा ५८ महिने. असं करत करत शेवटचा, साठावा हप्ता फक्त १ महिना राबतो. मजुरी सगळ्यांना साठ महिन्यांची कशी मिळणार? जो जितके महिने राबला, तितकीच.

आता मजुरीचा दर काढू. हजार रुपयांवर वर्षाला ६.७ टक्के म्हणजे ६७ रुपये. भागिले बारा, म्हणजे महिन्याला ५ रुपये ५८ पैसे.

पहिला हप्ता ६० महिने राबला : साधारण ३३५ रुपये.
शेवटचा हप्ता १ महिना राबला : साडेपाच रुपये.

सगळ्या साठ हप्त्यांचे महिने एकत्र मोजले (६० + ५९ + ५८ ... + १) तर १,८३० महिने होतात. त्याला ५ रुपये ५८ पैशांनी गुणलं की सुमारे १०,२१७ रुपये येतात. हे झालं साधं, सरळ व्याज.

म्हणजे नऊ हजार हरवलेले नाहीत. ते पैसे खात्यात तितके दिवस नव्हतेच, म्हणून त्यांचं व्याजही नाही. "अमुक टक्के व्याज" हा आकडा ऐकून एकूण रकमेवर गुणाकार करायचा नाही, ही पहिली गोष्ट वहीत लिहून ठेवा.

*२) मग चक्रवाढ कुठं येते?*

सरळ व्याज १०,२१७ आणि पोस्ट देते ११,३६६. मधला जो सुमारे ११५० रुपयांचा फरक आहे, ती चक्रवाढ.

पोस्टाच्या आरडीत व्याज दर तीन महिन्यांनी मुद्दलात मिसळतं. पुढच्या तिमाहीत त्या मिसळलेल्या व्याजावरही व्याज सुरू होतं. घरची शेळी विकली नाही, तिची पाठही विकली नाही, तर पुढं त्या पाठीलाही पिल्लं होतात. तसंच हे आहे.

महिन्याला हजार रुपयांचं पहिलं वर्ष पायरी-पायरीनं पाहू.

🔹 *पहिली तिमाही :* तीन हप्ते भरले. पहिला तीन महिने राबला, दुसरा दोन, तिसरा एक. एकूण सहा महिन्यांची मजुरी, म्हणजे ३३ रुपये ५० पैसे. खात्यात झाले ३,०३३.५०.

🔹 *दुसरी तिमाही :* आता जुन्या ३,०३३.५० वर तीन महिन्यांचं व्याज मिळेल. वर्षाला ६.७ म्हणजे तिमाहीला १.६७५ टक्के, त्याचे ५०.८१ रुपये. नव्या तीन हप्त्यांचे पुन्हा ३३.५०. दोन्ही मिळून ८४.३१. खात्यात झाले ६,११७.८१.

🔹 *तिसरी तिमाही :* व्याज १३५.९७. खात्यात ९,२५३.७८.

🔹 *चौथी तिमाही :* व्याज १८८.५०. खात्यात १२,४४२.२८.

दर तिमाहीला तुम्ही भरता तेच तीन हजार, एक रुपयाही जास्त नाही. तरी व्याज ३३ वरून ८४, मग १३५, मग १८८ होत गेलं. याचं मोठं कारण म्हणजे खात्यात राबणारे हप्ते वाढले. छोटं कारण म्हणजे आधीचं व्याजही राबायला लागलं.

हाच हिशोब पाच वर्षं पुढं नेला, तर दर वर्षी मिळणारं व्याज असं येतं :

पहिलं वर्ष : ४४२ रुपये
दुसरं वर्ष : १,२९७ रुपये
तिसरं वर्ष : २,२११ रुपये
चौथं वर्ष : ३,१८७ रुपये
पाचवं वर्ष : ४,२३० रुपये

शेवटी हातात ७१,३६६ रुपये. (वरची बेरीज रुपयानं इकडं-तिकडं होईल, ते पैसे पूर्णांकात धरल्यामुळं.)

ही यादी नीट पाहा. पहिल्या वर्षी बारा हजार भरून व्याज आलं ४४२ रुपये. इथंच पुष्कळ जणांचं मन उठतं. "एवढ्यात तर कापसाच्या एका फवारणीचं औषधही येत नाही, कशाला भरायचं?" असं म्हणून हप्ता सुटतो. पण पाच वर्षांच्या एकूण व्याजातले ४,२३० रुपये एकट्या शेवटच्या वर्षात येतात. आरडीचं पीक शेवटच्या वेचणीत भरतं. पहिल्या वेचणीवरून त्याचा अंदाज लावू नका.

*३) आपला हिशोब आपणच करा*

हप्ता शंभर रुपयांपासून सुरू करता येतो, पुढं दहाच्या पटीत कितीही. ६.७ टक्के दरानं महिन्याला दर शंभर रुपयांमागं पाच वर्षांनी सुमारे ७,१३७ रुपये होतात. तुमचा हप्ता जितके शंभर, तितक्यानं गुणा.

महिना ३०० : भराल १८,०००, मिळतील सुमारे २१,४१०
महिना ५०० : भराल ३०,०००, मिळतील सुमारे ३५,६८३
महिना २,००० : भराल १,२०,०००, मिळतील सुमारे १,४२,७३२

कोणी यापेक्षा फारच मोठा आकडा सांगत असेल, तर आधी विचारा : दर किती, व्याज कितीदा मिसळतं, आणि पैसे नेमके कोणत्या खात्यात जातात?

*४) आपली अडचण : पैसा वर्षातून दोनदा येतो, हप्ता बारा वेळा*

नोकरदाराला दर महिन्याला पगार असतो. आपल्याकडं सोयाबीनचा पैसा दिवाळीच्या आसपास, कापसाचा नोव्हेंबरपासून पुढं, तूर-चण्याचा फेब्रुवारी-मार्चमध्ये. जून ते सप्टेंबर घरातून पैसा फक्त बाहेर जातो. म्हणून वर्धा, हिंगणघाट, आर्वी, देवळी कुठंही पाहा, कास्तकाराची आरडी बहुतेक पावसाळ्यात तुटते.

हप्ता चुकला की काय होतं ते पाहू. शंभर रुपयांमागं महिन्याला १ रुपया दंड. हजाराच्या हप्त्यावर १० रुपये. दहा रुपये किरकोळ वाटतात. पण महिन्याला शंभरावर एक म्हणजे वर्षाला बारा टक्के. आपल्याला मिळतात ६.७. म्हणजे जो हप्ता मागं राहिला, त्याच्यावर आपण कमाईच्या जवळपास दुप्पट दरानं दंड भरतो.

आणि लागोपाठ चार हप्ते चुकले की खातं बंद पडलेलं धरतात. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत थकलेले हप्ते दंडासह भरून ते चालू करता येतं. ती मुदतही गेली, तर त्या खात्यात पुढं पैसे भरता येत नाहीत. जून, जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर. बरोबर चार महिने. आपला तंगीचा काळ आणि पोस्टाची मर्यादा अगदी सारखी आहे, म्हणून सांभाळा.

यावर पोस्टातच एक सोय आहे, ती फार थोड्यांना माहीत असते : *हप्ते आगाऊ भरता येतात.* कापसाचा चुकारा आला की पुढच्या सहा किंवा बारा महिन्यांचे हप्ते एकदम भरून टाका. खातं चालू असलं पाहिजे एवढीच अट. वरून सूटही मिळते. शंभराच्या हप्त्यामागं सहा महिने आगाऊ भरले तर १० रुपये, बारा महिने भरले तर ४० रुपये. म्हणजे हजाराचा हप्ता असेल तर सहाला १०० रुपये आणि बाराला ४०० रुपये सूट. पावसाळ्यात हप्त्याची काळजी नाही, आणि दंडाच्या जागी सूट.

हप्त्याची तारीखही लक्षात ठेवा. खातं महिन्याच्या १५ तारखेपर्यंत काढलं असेल तर दर महिन्याचा हप्ता १५ पर्यंत भरायचा. १६ नंतर काढलं असेल तर महिन्याच्या शेवटच्या कामाच्या दिवसापर्यंत. ज्यांना चुकारा महिनाअखेर मिळतो, त्यांनी खातं १६ नंतर काढलेलं सोयीचं.

*५) सगळ्यात महाग चूक : मधातच खातं मोडणं*

तीन वर्षं होईपर्यंत ही आरडी मोडता येत नाही. तीन वर्षांनंतर मोडता येते, पण तेव्हा ६.७ टक्के मिळत नाहीत. बचत खात्याचा दर लागतो, तो ४ टक्के आहे. मुदतीच्या एक दिवस आधी मोडलं तरी हाच नियम.

आता हिशोब पाहा. समजा चार वर्षं झाली, ४८ हप्ते भरले. चालू खात्यात तुमच्या नावावर सुमारे ७,१३६ रुपये व्याज चढलेलं आहे. जूनमध्ये बियाणं-खतासाठी २०,००० कमी पडले आणि तुम्ही खातं मोडलं. व्याज मिळेल चार हजारांच्या आसपास. म्हणजे चढलेल्यातले तीन हजारांवर गेले. शिवाय पाचव्या वर्षाची ती ४,२३० रुपयांची मोठी वेचणी तर हाती आलीच नाही.

दुसरा रस्ता : बारा हप्ते भरून खात्याला एक वर्ष झालं असेल, तर जमा रकमेच्या निम्म्यापर्यंत पोस्टच कर्ज देते. त्याचं व्याज आरडीच्या दरापेक्षा २ टक्के जास्त, म्हणजे ८.७ टक्के. वीस हजार जूनमध्ये घेतले आणि डिसेंबरमध्ये कापूस विकून फेडले, तर सहा महिन्यांचे ८७० रुपये व्याज लागेल. खातं तसंच चालू राहील आणि आपलं ६.७ टक्के व्याजही चढत राहील.

एकीकडं ८७० रुपये, दुसरीकडं तीन हजारांवर नुकसान आणि शेवटचं वर्षही हातचं गेलेलं. वीस हजार दोन्हीकडं मिळाले. फरक एवढाच की पहिल्या रस्त्यात खिडकीवर "खातं बंद करायचं आहे" म्हणायच्या ऐवजी "आरडीवर कर्ज पाहिजे" म्हणायचं आहे.

एक सावधगिरी मात्र पाळा. ते कर्ज कापूस आल्यावर खरंच फेडा. नाही फेडलं, तर व्याज चढत राहतं आणि मुदत संपल्यावर तुमच्याच रकमेतून कापून घेतलं जातं.

*६) चक्रवाढीचा खरा जोर दहा वर्षांत दिसतो*

पाच वर्षांत चक्रवाढीनं साध्या व्याजापेक्षा फक्त ११५० रुपये जास्त दिले. प्रामाणिकपणे सांगायचं तर हा आकडा काही मोठा नाही. चक्रवाढीला वेळ पाहिजे.

पोस्टाची आरडी पाच वर्षांनंतर अर्ज देऊन आणखी पाच वर्षं वाढवता येते, आणि वाढीव काळातही सुरुवातीचाच दर मिळतो. महिना हजारचा हिशोब दहा वर्षांचा असा येतो :

पहिली पाच वर्षं : भरले ६०,०००, व्याज ११,३६६
पुढची पाच वर्षं : भरले ६०,०००, व्याज ३९,४८९
दहा वर्षांनी एकूण : १,७०,८५५

दोन्ही वेळा भरलं तेवढंच. दुसऱ्यांदा व्याज तिपटीपेक्षा जास्त आलं. कारण नव्या हप्त्यांनी पुन्हा ११,३६६ आणलेच, पण पहिले जमलेले ७१,३६६ रुपये न हलवता ठेवल्यानं त्यांनीच वर २८,१२३ रुपये कमावले. पोरगी आज तिसरी-चौथीत असेल, तर ती कॉलेजात जाईपर्यंत हा काळ होतो.

वाढवलेलं खातं मधात कधीही बंद करता येतं. जेवढी वर्षं पूर्ण झाली तेवढ्यांना आरडीचाच दर मिळतो, अर्धवट वर्षाला बचत खात्याचा. म्हणजे पहिल्या पाच वर्षांपेक्षा इथं जोखीम कमी आहे.

*७) पासबुकात काय पाहायचं?*

✅ खातं काढताना दर आणि मुदत संपायची तारीख पासबुकात आहे का ते पाहा.

✅ प्रत्येक हप्त्याची नोंद हवी. बहुतेक गावांत एजंट ताई घरी येऊन हप्ता नेतात. सोय चांगली आहे, पण तुम्ही पैसे दिलेली तारीख हिशोबात धरत नाहीत, पोस्टात जमा झालेली धरतात. ताईंकडच्या कार्डावर दर वेळी सही घ्या आणि दोन-तीन महिन्यांनी पासबुक भरून मागा. एजंटला कमिशन सरकार देते, आपल्या हप्त्यातून काही द्यायचं नसतं.

✅ दंडाची ओळ दिसली तर त्याच महिन्यात विचारा. पैसे वेळेवर देऊनही दंड लागला असेल, तर हप्ता मधात कुठं तरी थांबला आहे.

✅ व्याज दर महिन्याला पासबुकात दिसलं नाही तर घाबरू नका. महिन्यांचा हिशोब मागं चालू असतो.

*आजचं काम 📝*

मागच्या वर्षी जून ते सप्टेंबर घरात सगळ्यात कमी पैसा असलेला महिना आठवा. त्या महिन्यातही जो हप्ता निघाला असता, तोच आकडा तुमच्या आरडीचा. तो ३०० असेल तर ३०० च लिहा. हजाराची आरडी दुसऱ्या पावसाळ्यात तुटण्यापेक्षा तीनशेची साठ हप्ते चाललेली बरी. जास्तीचा पैसा आला तर दुसरी आरडी कधीही काढता येते.

आणि ज्या दादांनी प्रश्न विचारला होता त्यांच्यासाठी : दादा, नऊ हजार कुठं गेले नाहीत. साठ मजुरांतला शेवटचा कालच कामावर आला होता, त्याला साठ महिन्यांची मजुरी मागू नका 🙂

हिशोबात काही अडलं तर याच नंबरवर व्हॉइस मेसेज टाका. तुमचा हप्ता आणि खातं काढल्याचा महिना सांगा, आकडा काढून पाठवू. खाते क्रमांक, ओटीपी, आधार नंबर मात्र आम्हालाही पाठवू नका, कोणालाच पाठवू नका.

घरातल्या बायामाणसांनाही हा मेसेज वाचून दाखवा 🌱